एका ताक्याच्या तीन नोंदी

एका बाईच्या हातातलं काम माझ्या एका ईमेलमुळे गेलं, आणि ते मला दीड महिन्यानं कळलं. ही हकिगत त्या दीड महिन्याची आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांची आहे.

मी सुरतेतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बिलिंग बघते. आम्ही डाइंग मिलांना, म्हणजे कापड रंगवणाऱ्या गिरण्यांना, एक ऑनलाइन सेवा देतो. मिलमध्ये आलेल्या प्रत्येक ताक्याला, म्हणजे कापडाच्या शंभरेक मीटरच्या तुकड्याला, एक लेबल लागतं. ताका आवक, डाइंग, स्टेंटर, फोल्डिंग अशा एकेका खात्यातून पुढे जातो तेव्हा तिथला माणूस हातातल्या स्कॅनरनं ते लेबल वाचतो. कुठला ताका कुठे अडकलाय हे मालकाला मोबाइलवर दिसतं. आणि जेवढे स्कॅन, तेवढं बिल. स्कॅन झाला की आमच्या सर्व्हरवर एक नोंद पडते. महिना संपला की त्या नोंदी खात्यानुसार मोजल्या जातात, त्यांना दराचे टप्पे लागतात, पहिल्या टप्प्याला जास्त दर, पुढच्या टप्प्यांना कमी, आणि त्यातून इन्व्हॉइसवरच्या ओळी तयार होतात. "फोल्डिंग स्कॅन, इतके, या दरानं, एकूण इतके." ती ओळ बरोबर असणं ही माझी जबाबदारी.

मी मूळची सुरतेतल्याच नवागामची. वडील धुळे जिल्ह्यातून लूमवर कामाला आले आणि इथलेच झाले. कॉमर्स झाल्यावर मी सात वर्षं टेक्सटाइल मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहिला आणि मग या कंपनीत आले. प्रोग्रॅमिंग मला येत नाही, पण नोंदींचा तक्ता मागवून तो चाळता येतो. आकडा कुठून आला हे विचारत बसायची सवय मात्र जुनी आहे.

सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका मिलमधून पहिला फोन आला तो तिथल्या अकाउंटंटचा. जळगावकडचे, साठीला टेकलेले. मी त्यांना काका म्हणते.

"ताई, या महिन्याचं बिल जरा बघता का? फोल्डिंगची ओळ मला पटत नाहीये."

"काय पटत नाही, काका?"

"आमच्याकडे जेवढे ताके निघाले, त्याच्या जवळपास दुप्पट स्कॅन लावलेत तुम्ही. बाकीची खाती थोडीफार वर आहेत, पण फोल्डिंग फारच."

मी डॅशबोर्ड उघडला. तिथला आकडा आणि बिलावरचा आकडा तंतोतंत एक होता. आता हसू येतं, कारण दोन्ही एकाच तक्त्यातून निघतात, ते जुळले तर त्यात सिद्ध काय झालं? पण तेव्हा मला तेवढ्यानं बरं वाटलं. मग फोल्डिंगच्या नोंदी काढल्या. एकच ताका, एकच खातं, एकच ऑपरेटर, आणि वेळ अशी: अकरा वाजून चार मिनिटं, अकरा वाजून चार मिनिटं वीस सेकंद, अकरा वाजून पाच. बाई एकदा दाबून थांबत नाहीयेत, पुनःपुन्हा दाबतायत, हे मला स्पष्ट दिसलं. निदान तसं वाटलं.

मी ईमेल लिहिली. अगदी सभ्य भाषेत. "आपल्या फोल्डिंग विभागातील ऑपरेटर एकाच ताक्याचे अनेकदा स्कॅन करत असल्याचे नोंदींवरून दिसते. कृपया त्यांना योग्य प्रशिक्षण द्यावे." सोबत त्या ऑपरेटरचा कोड आणि शंभर नोंदींचा नमुना जोडला. काकांनी "ठीक आहे" असं एका ओळीचं उत्तर पाठवलं आणि बिल भरलं. मी पुढच्या कामाला लागले.

पुढच्या महिन्याचं बिल पंधरवडा उशिरा गेलं आणि तिसऱ्या दिवशी काकांचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाजात घाई नव्हती, पण धार होती.

"ताई, तुम्ही म्हणालात बाई चुकते. मी मॅनेजरला तुमची ईमेल दाखवली. त्यांनी बाईला काढून धागे कापायला बसवलं आणि तिच्या जागी एक पुरुष ठेवला. आज दीड महिना झाला. माणूस बदलला, आकडा बदलला नाही. आता त्यालाही काढायचं का?"

मी म्हणाले, "काका, मी उद्या येते."

"या. माझं ताका रजिस्टर तयार ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी भेस्तानच्या घरून रिक्षानं हायवेला आणि तिथून शेअर गाडीनं पलसाण्याला गेले. काकांनी चहा मागवला आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. रोजचा माल, पार्टीवार, हातानं लिहिलेला. जो ताका पुन्हा डाइंगला गेला त्यापुढे लाल शाईचा टिंब. तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीचं अक्षर होतं ते. त्या रजिस्टरसमोर माझ्या शंभर नोंदींचा नमुना मला पोरकट वाटायला लागला.

"काका, त्या बाई कुठे आहेत?"

"जेवणाच्या सुट्टीत भेटतील. पण बोलतील की नाही ते सांगता येत नाही."

बाई चाळिशीच्या. शेडच्या मागच्या बाजूला कापडाच्या ढिगाजवळ डबा उघडून बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला नाही की वर बघितलं नाही. मी आमच्या घरच्या अहिराणी बोलीत विचारलं, तेव्हा मान वर केली.

"नवागामनी का?"

"हाओ."

"मंग तुले तरी समजाले पाहिजे व्हतं," त्या म्हणाल्या. "मी एकच डाव दाबस. एकच डाव. लाल दिवा ऱ्हायना तरी दुसऱ्यांदा हात लावत नही. मनी काय चूक शे?"

धागे कापायचं काम नगावर असतं. स्कॅनरच्या कामाला पगार ठरलेला होता. महिन्याला किती कमी येतात ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. मी एवढंच म्हणाले, "मला दाखवाल? तुम्ही कसं करायच्या ते?"

त्यांनी डबा बंद केला, हात धुतले, आणि फोल्डिंगच्या टेबलाकडे अशा चालत गेल्या की मला मागे पळावं लागलं.

काका, फोल्डिंगचा सध्याचा माणूस आणि मी तिघं बाजूला उभे राहिलो. मी लॅपटॉप उघडून नोंदी समोर ठेवल्या. बाईंनी दहा ताके घेतले. प्रत्येक ताक्याला एकदा बटण दाबलं, एकदा आवाज आला, आणि प्रत्येक वेळी टेबलावर खडूनं एक रेघ ओढली. दहा रेघा. हात इतका सावकाश आणि स्वच्छ चालत होता की त्यात दुसऱ्यांदा दाबायला जागाच नव्हती. नोंद पोचल्याचं कळलं की स्कॅनरवरचा दिवा हिरवा व्हायचा, नाहीतर बराच वेळ लाल राहायचा. त्या थांबायच्या, मग पुढचा ताका.

वर लोखंडी पत्र्याची शेड, बाजूला स्टेंटरचं, म्हणजे कापड ताणून सुकवणाऱ्या यंत्राचं, मोठं धूड. तिथे मोबाइलला रेंज धड मिळत नाही हे मला माझ्याच फोनवरून दिसत होतं.

मी लॅपटॉपवर नोंदी मोजल्या. तेवीस.

पुन्हा मोजल्या. तेवीसच.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "दहाच्या तेवीस झाल्या," मी म्हणाले. "तुम्ही दहाच केलेत. मी डोळ्यांनी बघितलं."

काकांनी चष्मा काढून पुसला.

मी तिथेच एक खुर्ची ओढून बसले. एका ताक्याच्या तीन नोंदी समोर घेतल्या आणि तक्त्यातले एरवी झाकलेले सगळे रकाने उघडले. डॅशबोर्डवर जी वेळ दिसते ती नोंद सर्व्हरवर पोचल्याची वेळ असते. तिन्ही नोंदींची ती वेळ वेगळी. पण आणखी एक रकाना होता, स्कॅनरनं स्वतः लिहिलेली वेळ, बटण दाबलं त्या क्षणाची. तिन्ही नोंदींत ती एकच होती. सेकंद तोच, सेकंदाचा हजारावा भागही तोच. माणसाच्या बोटाला तीन वेळा असं दाबणं जमणारच नाही.

म्हणजे बाईंनी एकदा दाबलं होतं. तीन वेळा पाठवलं होतं ते स्कॅनरनं.

ऑफिसात फोन लावला. आमचा प्रोग्रॅमर माझ्याच वयाचा, सुरतीच. आमचं बोलणं गुजरातीत चालतं. मी त्याला त्या तीन नोंदी वाचून दाखवल्या. पलीकडे थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग तो म्हणाला, "बेन, ही माझी चूक आहे."

त्यानं समजावलं ते असं. स्कॅनर नोंद पाठवतो आणि सर्व्हरच्या पोचपावतीची वाट बघतो. पोचपावती आली नाही तर पुन्हा पाठवतो. हे बरोबरच आहे, नाहीतर खराब रेंजमध्ये नोंदी हरवतील. कधी कधी नोंद पोचलेली असते, पोचपावतीच परतीच्या वाटेवर हरवते. मग तीच नोंद दुसऱ्यांदा येते. म्हणून प्रत्येक नोंदीला एक आयडी असतो. सर्व्हरला तोच आयडी पुन्हा दिसला की दुसरी नोंद टाकून देतो. पूर्वी हा आयडी बटण दाबताक्षणी तयार व्हायचा. तीन महिन्यांपूर्वी त्यानं ॲप नव्यानं बांधलं, नोंदी गठ्ठ्यानं पाठवायची सोय केली, आणि त्यात आयडी पाठवण्याच्या क्षणी तयार व्हायला लागला. पुन्हा पाठवलं की नवा आयडी. सर्व्हरच्या दृष्टीनं नवीच नोंद.

"तपासून बघितलं नव्हतं?"

"बघितलं होतं. ऑफिसच्या वायफायवर. तिथे दुसऱ्यांदा पाठवायची वेळच येत नाही."

त्यानं सबब सांगितली नाही, हे मी आजही त्याच्या खात्यावर जमा धरते. संध्याकाळपर्यंत त्यानं सर्व्हरवर एक आडकाठी बसवली: स्कॅनर, ताका, खातं आणि दाबल्याची वेळ ही चारही तीच असतील, तर आयडी कितीही वेगळा असो, नोंद एकच मोजायची. सगळ्या मिलांच्या स्कॅनरवर ॲप बदलायला दोन आठवडे लागणार होते, तोवर ही आडकाठी पुरेशी होती.

मिलमधून निघताना मी बाईंना म्हणाले, "हे मी निस्तरते."

"कसं?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. पण निस्तरायचं हे ठरलं होतं.

मागच्या तीन महिन्यांची बिलं निघून गेली होती, भरलीही गेली होती. नवा हिशेब करायचा तर आधी खऱ्या नोंदी वेगळ्या काढायला हव्या. घाईत मी पहिल्या दिवशी सोपा रस्ता धरला: एका ताक्याची एका खात्यात एकच नोंद ठेवायची, बाकी काढायच्या. आकडा काकांना पाठवला. मला वाटलं, ते खूश होतील.

"ताई, हे कमी आहे," काका फोनवर म्हणाले.

"कमी?"

"माझ्या रजिस्टरपेक्षा कमी. रिप्रोसेसचा माल विसरलात. रंगाची छटा हलकी आली की ताका पुन्हा डाइंगला जातो, पुन्हा फोल्डिंगला येतो. तो दोनदा स्कॅन होतो आणि व्हायलाच हवा. त्याचे पैसे तुमचे आहेत. आम्हाला फुकट नको."

मी ओशाळले. एवढे लाल टिंब डोळ्यांनी बघून आले होते, तरी खऱ्या नोंदीही कापून टाकल्या. पुन्हा बसले. या वेळी ताका आणि खातं तेच असलं तरी दाबल्याची वेळ वेगळी असेल तर नोंद राहू दिली. पहिल्या महिन्याचा आकडा काकांच्या रजिस्टरपासून सहाच्या फरकात आला. ते सहा त्यांनीच शोधले, सॅम्पलचे तुकडे होते, त्यांनी रजिस्टरला घेतले नव्हते.

मग दर. प्रोग्रॅमर म्हणाला, जादा नोंदी मोज आणि सरासरी दरानं गुण. मी नाही म्हणाले. आमचे दर टप्प्यांचे. नोंदी कमी झाल्या की त्या वरच्या, स्वस्त टप्प्यातून कमी होतात, आणि कुणाच्या बाबतीत तो टप्पा पूर्ण रिकामा होऊन आधीच्या महागड्या टप्प्यातूनही कमी व्हाव्या लागतात. प्रत्येक मिलचा प्रत्येक महिना खऱ्या नोंदींवर पहिल्यापासून मांडायचा आणि जुन्या बिलातून वजा करायचा, हाच एक सरळ मार्ग होता. मी सगळ्या गिऱ्हाइकांचा तसाच मांडला. तीन दिवस लागले.

पलसाण्याची मिल एकटी नव्हती. आणखी दहा जणांना जादा बिल गेलं होतं. ज्यांच्या शेडमध्ये रेंज चांगली, त्यांना एका रुपयाचाही फरक नव्हता. त्या दहांपैकी कुणीही तक्रार केली नव्हती.

कागद घेऊन मी आमच्या मालकांकडे गेले. ते सुरतीच, पन्नाशीचे, स्वतः कधीकाळी यार्नचा धंदा केलेले. वाईट माणूस नाही. कागद त्यांनी नीट वाचला.

"पलसाण्याला क्रेडिट नोट द्या," ते म्हणाले. "पूर्ण द्या. माफीही मागा."

"आणि बाकीचे दहा?"

"त्यांनी विचारलं का?"

"नाही."

"बघा बेन," ते खुर्चीत मागे टेकले, "न विचारता पत्र पाठवलं तर काय होईल? ते दहाच नाही, सगळेच आपल्या प्रत्येक आकड्यावर शंका घेतील. आपल्या मोजणीच्या मीटरवरचा विश्वास गेला तर आपल्याकडे विकायला उरतं काय?"

हे म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही, आणि म्हणूनच उत्तर द्यायला जड गेलं. मी म्हणाले, "सर, पलसाण्याच्या काकांकडे रजिस्टर होतं म्हणून सापडलं. बाकीच्यांकडे रजिस्टर नाही. ते आपल्या मीटरवर विश्वास ठेवतात म्हणूनच त्यांनी विचारलं नाही. ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांचेच पैसे ठेवून घ्यायचे?"

त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला.

"पत्रं मी लिहीन. खाली माझा नंबर घालीन. जे फोन येतील ते मी घेईन."

"मला एक दिवस द्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बोलावलं. अकराही जणांना द्यायचं, पण रोख परत नाही, क्रेडिट नोट काढून पुढच्या बिलात वळती करायची. हे मला मान्य होतं. निघालेलं इन्व्हॉइस खोडता येत नाहीच, त्या बिलाचा नंबर घालून जीएसटीसकट क्रेडिट नोट काढावी लागते. मी पत्राचा इंग्रजी मसुदा पुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ कशाला?"

ओळ अशी होती: "या जादा नोंदी आमच्या सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे झाल्या. आपल्या कोणत्याही ऑपरेटरचा यात दोष नव्हता. याआधी आम्ही तसे सुचवले असल्यास ते चूक होते."

"बिलाच्या पत्रात ऑपरेटर कुठून आले?" ते म्हणाले. "चूक झाली, पैसे परत, संपलं."

"पैसे परत मिळतील मिलला," मी म्हणाले. "त्या बाईंना काय मिळेल? माझ्या ईमेलवरून त्यांचं काम गेलं. ती ईमेल कंपनीच्या नावानं गेली होती, तर हेही कंपनीच्याच नावानं जायला हवं. आणखी दहा ठिकाणी कुणाला बोल लागला असेल, मला माहीत नाही. ही ओळ काढायची असेल तर पत्रावर माझी सही नको."

मी असं कधी कुणाशी बोलले नव्हते. घरी फ्लॅटचा हप्ता चालू होता, आईची औषधं होती. पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि परत घ्यावंसं वाटलं नाही.

त्यांनी पेननं "कोणत्याही" या शब्दाखाली रेघ ओढली. मला वाटलं खोडतायत. "हे ठळक करा," ते म्हणाले. "आणि गुजरातीतही पाठवा. मिलचा मॅनेजर तुमचं इंग्रजी पत्र वाचणार नाही."

अकरा पत्रं गेली. सात जणांचे फोन आले. एकानं चांगलाच तमाशा केला आणि महिन्याभरात सेवा बंद केली. म्हणजे मालकांची भीती अगदीच खोटी नव्हती. दोघांनी नोंदींचा तपशील मागितला, तो दिला. सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मिलवाल्यानं सांगितलं की त्याच कारणावरून त्यानं दोन माणसांना आठ दिवस बोलणी खायला लावली होती. "मी त्यांना सांगतो," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

पलसाण्याला मी पत्र स्वतः नेलं. काकांनी ते मॅनेजरला मोठ्यानं वाचून दाखवलं. मॅनेजर म्हणाला, बघू. पंधरा दिवस काही झालं नाही. काका रोज सकाळी मॅनेजरच्या टेबलावर त्या पत्राची एक प्रत ठेवत राहिले, हे मला नंतर कळलं. सोळाव्या दिवशी बाई पुन्हा फोल्डिंगच्या टेबलावर आल्या. मधल्या दोन महिन्यांतली पगाराची तूट मात्र मिलनं दिली नाही. ते मी मागू शकत नव्हते. काकांनी मागून बघितलं, जमलं नाही. हे मला अजून सलतं.

त्या रविवारी नवागामला आई-वडिलांच्या जुन्या गल्लीच्या मागे त्यांचं घर शोधत गेले. एक खोली, दारात तुळस, आत मुलीचं पुस्तकांचं कपाट. मी माफी मागितली. ईमेल मीच लिहिली होती, हे तोवर त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

त्यांनी दाराकडे बघितलं. मला वाटलं, उठून जायला सांगतील.

"तू न पाहता लिखं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आते पाहीसन लिखशी?"

"हो."

"बस मंग. च्या ले."

चहा पिताना त्यांनीच विषय काढला. त्यांचं म्हणणं साधं होतं. बिल मालकाकडे जातं, आकडा ऑफिसात दिसतो, पण बटण दाबणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्या दिवसभर खडूनं रेघा ओढायच्या, संध्याकाळी टेबल पुसलं की पुरावा गेला. "मनी मशीनवर मना आकडा दिसू दे," त्या म्हणाल्या. "आज किती मोजात ते. मंग मीच सांगसू चुकना का बराबर शे."

सोमवारी मी ते प्रोग्रॅमरला सांगितलं. तो म्हणाला सोपं आहे, मग म्हणाला सोपं नाही. कारण दाखवायचा तो स्कॅनरनं पाठवलेला आकडा नाही, सर्व्हरनं बिलासाठी धरलेला आकडा, आणि रेंज नसेल तर तो मागे राहणार. शेवटी दोन आकडे दाखवायचं ठरलं: आज दाबले किती, आणि त्यातले बिलात धरले किती. रेंज नसताना दुसरा मागे राहील, पण पहिल्यापेक्षा मोठा होता कामा नये. तसा झाला तर त्याच दिवशी मला इशारा येतो, महिनाअखेरपर्यंत थांबावं लागत नाही. इन्व्हॉइसवरही आता प्रत्येक खात्याच्या ओळीखाली दिवसवार तक्ता जोडलेला असतो, रिप्रोसेसचे स्कॅन वेगळे दाखवून. तो तक्ता कसा असावा हे काकांच्या रजिस्टरवरून ठरवलं.

पहिल्याच महिन्यात काकांनी त्यातले चार आकडे चुकीचे म्हणून कळवले. मी दाबल्याच्या वेळा घेऊन बसले. तीन माझे बरोबर निघाले, एक त्यांचा.